पावणेदोन तासांचं व्याख्यान आणि पंधरा शीर्षकं: द्राक्ष छाटणीच्या एका व्हिडिओचं प्रकरण

तासगाव भागातल्या द्राक्ष बागायतदारांच्या एका अभ्यास गटाने ऑक्टोबर छाटणीच्या तोंडावर एका अनुभवी सल्लागाराचं व्याख्यान ठेवलं होतं. विषय होता गोडी छाटणीपासून, म्हणजे याच छाटणीपासून, फुलोऱ्यापर्यंतची कामं. मधली चहाची सुट्टी कापून १ तास ४६ मिनिटं २० सेकंदांचा व्हिडिओ यूट्यूबवर चढवला गेला. त्यानंतर गटाच्या व्हॉट्सॲपवर एकाच प्रकारचे निरोप येऊ लागले. "पेस्टचं कुठं सांगितलंय?" "घड जिरायचं कितव्या मिनिटाला आहे?" जे समोर बसून ऐकत होते त्यांनाही नेमकी जागा सापडत नव्हती. व्हिडिओखाली चॅप्टर टाकायचं काम मग माझ्याकडे आलं. प्रत्येक टप्प्याची वेळ, त्याचं शीर्षक आणि तिथे काय मिळेल हे सांगणारी एक ओळ, एवढं करायचं होतं.

त्याआधी गटातल्या एका मुलाने दर दहा मिनिटांना एक अशी यादी टाकली होती: भाग १, भाग २, भाग ३. तिचा कुणालाच उपयोग झाला नाही. पन्नासाव्या मिनिटावर बोट ठेवलं की फेलफुटीबद्दलचं, म्हणजे घड नसलेल्या जास्तीच्या फुटीबद्दलचं, शेवटचं वाक्य अर्ध्यातून ऐकू यायचं आणि पाच सेकंदांत विषय जिबरेलिक ॲसिडवर जायचा. एक तास दहा मिनिटांची वेळ केवडा रोगाच्या औषधांच्या ऐन मध्यात पडत होती. घड्याळाने केलेले तुकडे बोलणाऱ्याच्याही कामाचे नसतात आणि शोधणाऱ्याच्याही. बागेत उभं राहून मोबाइलवर व्हिडिओ उघडणाऱ्या माणसाच्या डोक्यात त्या वेळी एकच प्रश्न असतो. तो प्रश्न जिथे सुरू होतो तिथे चॅप्टर सुरू व्हायला हवा. पुढचे सगळे निर्णय मी याच कसोटीवर घेतले.

हातात होती ती संगणकाने ऐकून काढलेल्या मजकुराची `.srt` फाइल, म्हणजे सबटायटलची फाइल. साधारण तेरा हजार शब्दांचा हा मजकूर तीन-चार सेकंदांच्या तुकड्यांत चिरलेला होता. प्रत्येक तुकड्यावर क्रमांक, सुरुवातीची आणि शेवटाची वेळ. अशा फाइलमध्ये वाक्य वाचताच येत नाही, कारण कर्ता एका तुकड्यात असतो, क्रियापद तिसऱ्यात. म्हणून आधी तुकडे जोडून साधारण अर्ध्या-अर्ध्या मिनिटाचे परिच्छेद केले आणि प्रत्येक परिच्छेदाच्या डोक्यावर त्यातल्या पहिल्या तुकड्याची वेळ ठेवली. जोडताना वेळ टाकून दिली तर नंतर ती शोधण्यात सगळा वेळ जातो, म्हणून हे आधीच नीट केलेलं बरं.

पहिल्या वाचनात मी एकही सीमा आखली नाही. समासात फक्त एवढंच लिहीत गेलो की या परिच्छेदात शेतकऱ्याच्या कुठल्या प्रश्नाचं उत्तर मिळतंय. "कुठल्या तारखेला छाटू?" "काडी कुठे कापू?" "पेस्ट किती डोळ्यांना लावू?" बोलणारा विषय बदलतो आणि पुन्हा परत येतो, पण समासातला प्रश्न सलग खाली वाचला की कुठे खरोखर वळण आहे ते दिसतं. विषयांची नावं लिहिली असती तर "पेस्ट" हा शब्द पानोपानी आला असता आणि हाती काही लागलं नसतं.

पेस्टचंच उदाहरण घेतो, कारण या व्हिडिओत सगळ्यात जास्त शोधलं जाणारं तेच होतं. डोळे एकसारखे फुटावेत म्हणून छाटणीनंतर काडीवर हायड्रोजन सायनामाइड लावतात, त्यालाच बागायतदार पेस्ट म्हणतात. मजकुरात हा शब्द शोधला तर पहिल्यांदा तो ३:२० ला सापडतो. तिथे सूत्रसंचालक फक्त म्हणतो, की आज सर पेस्टवरही बोलणार आहेत. पुढे ११:०५ ला तो येतो तो छाटणीच्या तारखेच्या ओघात, थंडीत फूट उशिरा येते हे सांगताना. २२:४० ला सर स्वतःच म्हणतात, "आता पेस्टकडे येऊ." इथे कुणीही चॅप्टर टाकला असता. पण लगेच समोरून कुणीतरी काडीच्या जाडीबद्दल विचारतं आणि सर दोन मिनिटं पुन्हा काडी तपासणीवर बोलतात. खरी सुरुवात २४:५० ला आहे, जिथे ते म्हणतात, "छाटणी उरकली. आता दुसऱ्या दिवशी काय करायचं?" औषधाचं नाव त्याच्याही चाळीस सेकंद पुढे येतं. नावावर चॅप्टर ठेवला असता, तर छाटणीनंतर किती तासांत पेस्ट उरकायची हे मधलं वाक्य ऐकणाऱ्याच्या हातून निसटलं असतं.

यावरून मी एक तपासणी पक्की केली. ठरवलेल्या वेळेपासूनची पहिली दोन-तीन वाक्यं, आधीचं काहीच माहीत नसल्यासारखी वाचायची. त्यात "ते", "तसं", "मघाशी म्हटलं त्याप्रमाणे" असं काही आलं आणि त्याचा संदर्भ वर राहून गेला असेल, तर सीमा मागे सरकवायची. पहिल्या वाक्यातच आधीच्या विषयाचा निरोप घेतला जात असेल तर पुढे सरकवायची. "आता", "तर मंडळी", "पुढचा मुद्दा" यांवर विसंबता येत नाही. मराठी वक्ता "आता" हा शब्द श्वास घ्यायलाही वापरतो. त्यापेक्षा या व्याख्यानात भरवशाची खूण निघाली ती दिवसांची. द्राक्षाची बाग छाटणीपासूनचे दिवस मोजत चालते. सर जिथे "आठव्या-दहाव्या दिवशी", "पंधराव्या दिवसाच्या आसपास" असं म्हणून पुढच्या दिवसांवर सरकत होते तिथे समासातला प्रश्नही बहुतेक वेळा बदललेला होता.

मिलिसेकंदांचं काय करायचं हे छोटं वाटतं, पण त्यानेही वाक्य बिघडतं. फाइलमध्ये वेळ ३२:२०.६४० अशी असते आणि चॅप्टरमध्ये सेकंदापर्यंतच लिहिता येते. अशा वेळी ती ३२:२१ करायची नाही, ३२:२० च ठेवायची. वर नेली की वाक्यातला पहिला शब्द गळतो. खाली ठेवली तर फार तर एखादा सेकंद शांतता ऐकू येते.

सीमा आखून झाल्यावर उमेदवार जागा तीसएक झाल्या. एवढी यादी फोनवर कुणी वाचत नाही. कमी करताना प्रत्येक जागेला एक प्रश्न विचारला: फक्त एवढ्यासाठी कुणी हा व्हिडिओ उघडेल का? छाटणीच्या कात्रीचं निर्जंतुकीकरण, मजुरांची जुळवाजुळव, गेल्या हंगामातल्या पावसाची आठवण हे सगळं आजूबाजूच्या चॅप्टरमध्ये मिसळून गेलं. उलट केवड्याचा भाग जवळजवळ पंधरा मिनिटांचा होता आणि त्याचे दोन तुकडे करावे लागले. ढगाळ हवा दिसताच प्रतिबंधक फवारणी शोधणारा आणि पानावर डाग पडल्यावर धावत आलेला, हे दोन वेगळे लोक आहेत. दुसऱ्याला पहिले साडेआठ मिनिटं ऐकायला लावणं बरोबर नव्हतं.

लांबीचा हिशेब मात्र कुठेही केला नाही. यादीत सगळ्यात लहान चॅप्टर ९५ सेकंदांचा आहे आणि सगळ्यात मोठा दहा मिनिटांच्या जवळपास. त्या लहान चॅप्टरबद्दल गटातल्या एकदोघांचं मत होतं, की तो पेस्टच्या चॅप्टरमध्येच राहू द्यावा. मी तो वेगळा ठेवला. पेस्ट लावणाऱ्या माणसाने हातमोजे घालावेत, अंगावर पडू देऊ नये, आणि कामाच्या आधी व नंतर दारूला हात लावू नये, हे सर तिथे सांगतात. हायड्रोजन सायनामाइड अंगात गेलेलं असताना दारू पोटात गेली तर शरीराला ती नीट पचवता येत नाही आणि माणूस गंभीर आजारी पडतो. हा भाग बागायतदारापेक्षा मजुरांना ऐकवायचा असतो. काम सुरू व्हायच्या आधी मुकादमाच्या फोनवर तेवढेच दीड मिनिट लावता आलं पाहिजे, म्हणून त्याला स्वतःची वेळ हवी.

याच भागात मजकुराची सगळ्यात धोकादायक चूकही सापडली. फाइलमध्ये तो असा होता:

```
561
00:32:20,640 --> 00:32:24,100
पेस्ट लावणाऱ्या माणसांनी एक लक्षात ठेवा

562
00:32:24,100 --> 00:32:28,350
आदल्या दिवशी आणि नंतरही दारू पिऊन ये
```

सर म्हणाले होते "पिऊ नये". कानाला दोन्ही जवळपास सारखं लागतं. मराठीत मनाई बहुतेक वेळा वाक्याच्या शेवटी येते, आणि यंत्राने काढलेल्या मजकुरात नेमकं ते शेपूटच मोडतं. "करू नये"चं "करून ये" होतं, घाईत बोललेलं "नाही" गळून जातं, "नको" पुढच्या वाक्याला चिकटतं. "भुरी"चं "भुरे" झालं किंवा "केवडा"चा "केवढा" झाला तर वाचणाऱ्याला ते लगेच खटकतं आणि तो दुरुस्त करतो. नकार गेला तर वाक्य व्याकरणाने धडधाकट राहतं आणि अर्थ उलटा होतो. म्हणून ज्या ज्या जागी एकओळी वर्णनात "करा" किंवा "करू नका" असं काही जाणार होतं ती प्रत्येक जागा मी मूळ आवाजात ऐकली. सगळा व्हिडिओ पुन्हा ऐकायची गरज नसते. पण एवढ्या जागा ऐकल्याशिवाय वर्णन लिहू नये असं माझं ठाम मत आहे.

या कामातला सगळ्यात अवघड निर्णय औषधाच्या मात्रेवरून झाला. घडाची लांबी वाढावी म्हणून पोपटी अवस्थेत जिबरेलिक ॲसिडची, बागायतदारांच्या भाषेत जीएची, पहिली फवारणी करतात. सरांनी ती १० पीपीएमची सांगितली. मग ५२:१८ ला बोलण्याच्या भरात ते म्हणाले, "म्हणजे शंभर लिटर पाण्याला दहा ग्रॅम." पुढे प्रश्नोत्तरांत एकाने हळूच विचारलं, "सर, दहा पीपीएम म्हणजे दहा ग्रॅम का?" त्यावर सरांनी स्वच्छ दुरुस्ती केली: शंभर लिटरला एक ग्रॅम. हिशेब सरळ आहे. एक पीपीएम म्हणजे एका लिटरला एक मिलिग्रॅम. दहा पीपीएमला लिटरमागे दहा मिलिग्रॅम, शंभर लिटरला हजार मिलिग्रॅम, म्हणजे एक ग्रॅम. आधी निघून गेलेला आकडा दहापट होता.

आता विचार करा, चॅप्टर नसताना ही चूक तितकीशी धोक्याची नव्हती. पूर्ण व्हिडिओ पाहणारा दुरुस्तीपर्यंत पोचत होता. चॅप्टर टाकले की माणूस थेट जीएच्या टप्प्यावर उतरतो, आकडा लिहून घेतो आणि व्हिडिओ बंद करतो. म्हणजे मी केलेल्या सोयीमुळेच चुकीचा आकडा एकटा बाहेर पडणार होता. लांब बोलणं तुकड्यांत मोडताना हे नेहमी घडू शकतं: मागचं बोलणं पुढे बदललेलं असतं आणि तुकडा घेणाऱ्याला ते कळत नाही. म्हणून पहिल्या वाचनातच मी आकडे, तारखा आणि औषधांची नावं यांची वेगळी नोंद ठेवतो आणि तीच गोष्ट दुसऱ्या जागी आली की दोन्ही वेळा शेजारी लिहितो. इथे ती नोंद नसती तर ४० मिनिटांच्या अंतरावरची ही दोन वाक्यं एकमेकांना भेटलीच नसती.

गटाचे संयोजक आबा म्हणाले, "मग बरोबर आकडा शीर्षकातच टाक की." मला ते पटलं नाही. "आबा, शीर्षकात मात्रा दिली तर माणूस व्हिडिओ न ऐकताच औषध कालवेल. जात कोणती, अवस्था कोणती, हे ऐकायचंच राहील." आबांनी सरांना फोन लावला. सर म्हणाले, "एक ग्रॅमच. तिकडं माझ्या तोंडून चुकून गेलंय, तसं लिहा खुशाल." त्यानंतर ठरलं ते असं. जीएच्या चॅप्टरच्या शीर्षकातच "मात्रेची दुरुस्ती पुढे" असे शब्द घातले. दुरुस्तीच्या जागेला, ती प्रश्नोत्तरांत असूनही, स्वतःचा चॅप्टर दिला. आणि पहिल्या जागेच्या वर्णनात दुसऱ्या जागेची वेळ लिहिली. सूचना केवळ वर्णनात ठेवून भागत नाही, कारण व्हिडिओच्या पट्टीवर बोट फिरवणाऱ्याला शीर्षकच दिसतं.

प्रश्नोत्तरांची २६ मिनिटं वेगळ्या कारणाने त्रासाची होती. प्रश्न विचारणाऱ्यांकडे माइक नव्हता. मजकुरात प्रश्नांच्या जागी रिकामी जागा किंवा अर्धवट शब्द, आणि मग अचानक सरांचं उत्तर: "नाही, तसं नसतं, तुमचं पाणी खारं आहे म्हणून." अशा वेळी प्रश्न उत्तरावरून ओळखावा लागतो. तो ओळखता आला तरच शीर्षकात लिहायचा, नाहीतर उत्तराचा विषय लिहायचा. मनाने प्रश्न रचून विचारणाऱ्याच्या तोंडी घालायचा नाही. एका शेतकऱ्याने स्वतःच्या बागेचा गट नंबर आणि कर्जाची गोष्ट सांगितली होती. ती व्हिडिओत आहेच, पण शीर्षकात किंवा वर्णनात तिचा उल्लेख केला नाही.

इथे एक मर्यादाही मान्य करावी लागली. पेस्टबद्दलचा एक प्रश्न शेवटच्या भागात आला. वाटलं की तो पेस्टच्या चॅप्टरखालीच दाखवावा. पण यूट्यूबवर वेळा चढत्या क्रमानेच लागतात. पहिली वेळ 0:00 असावी लागते, कमीत कमी तीन वेळा लागतात आणि कोणताही चॅप्टर दहा सेकंदांपेक्षा लहान चालत नाही. विषयवार गठ्ठे करता येत नाहीत. त्यामुळे पेस्टच्या वर्णनात "फूट मागेपुढे आली तर 1:20:15 पाहा" एवढंच जोडता आलं. शोधणाऱ्याला एक उडी जास्त मारावी लागते, पण वाट तरी कळते.

आणखी एक गाठ वेळांचीच होती. मजकूर मूळ रेकॉर्डिंगवरून काढलेला होता, त्यात चहाची सुट्टी होती. चढवलेल्या व्हिडिओत ती नव्हती. त्यामुळे केवड्यापर्यंतच्या सगळ्या वेळा तंतोतंत जुळल्या आणि फुलोऱ्यापासून पुढच्या सगळ्या ४ मिनिटं १० सेकंदांनी पुढे गेल्या. मात्रेची दुरुस्ती फाइलमध्ये १:३३:५० ला होती, व्हिडिओत ती १:२९:४० ला आहे. सुरुवातीच्या दोन-तीन वेळा तपासून समाधान मानणाऱ्याला हे कधीच दिसलं नसतं. तपासायच्या त्या सुरुवातीची एक, मधल्या दोन आणि अगदी शेवटची एक. फरक एका जागी उडी मारून पुढे तेवढाच राहिला तर मधला तुकडा कापलेला असतो, आणि त्या जागेपुढच्या प्रत्येक वेळेतून तेवढं वजा केलं की झालं. फरक हळूहळू वाढत गेला तर मजकूर दुसऱ्याच प्रतीवरून काढलेला असण्याची शक्यता असते, तेव्हा एका वजाबाकीने काम होत नाही.

राहिली शीर्षकं आणि वर्णनं. यूट्यूबच्या वर्णनाच्या चौकटीत वेळेपुढे त्याच ओळीत जे लिहाल ते सगळं शीर्षक म्हणून घेतलं जातं. तिथेच एकओळी वर्णन जोडलं तर फोनवर शीर्षक अर्ध्यात तुटतं. म्हणून तिथे फक्त शीर्षकं ठेवली आणि वर्णनांसह पूर्ण यादी वेगळ्या पानावर करून व्हॉट्सॲपवर दिली. शीर्षकात पाच-सहा शब्द, आणि ज्या शब्दावरून टप्पा ओळखायचा तो सगळ्यात आधी. "छाटणीनंतर करावयाची पेस्ट" यापेक्षा "पेस्ट: कधी आणि कोणत्या डोळ्यांना". पट्टीवर शीर्षक तुटलं तरी "पेस्ट" दिसतो.

वर्णनाच्या ओळीत मी "माहिती", "मार्गदर्शन", "सविस्तर चर्चा" हे शब्द येऊ देत नाही. ते कुठल्याही व्हिडिओच्या कुठल्याही टप्प्याला लागू पडतात. पोंगा अवस्थेच्या टप्प्याचं पहिलं वर्णन गटातल्याच एकाने लिहून दिलं होतं: "घड जिरण्याच्या समस्येवर सरांचं बहुमोल मार्गदर्शन." त्याऐवजी लिहिलं: "फूट निघताना घड बाळीत का बदलतो, त्या दिवसांत पाणी आणि नत्र का आवरायचं, आणि हे काडी तपासणीतच कसं दिसू शकतं." या ओळीत ऐकणाऱ्याला तीन गोष्टी मिळतात आणि तिन्ही त्या साडेनऊ मिनिटांत खरोखर आहेत. वर्णन लिहून झालं की त्यातली प्रत्येक बाब मजकुरात कुठे आहे त्यावर बोट ठेवता आलं पाहिजे. स्वतःला शेतीतलं कळत असलं की इथे हात सैल सुटतो. सर जे बोललेच नाहीत, पण बोलायला हवं होतं असं वाटतं, ते ओळीत घुसतं. छाटणीच्या तारखेच्या वर्णनात बाजारभावाचा उल्लेख मला घालावासा वाटत होता. सर भावाबद्दल एक शब्दही बोललेले नव्हते, म्हणून घातला नाही.

व्हिडिओखाली अखेर गेलेली यादी ही:

```
0:00 स्वागत आणि सत्कार
6:35 छाटणीची तारीख कशी ठरवायची
15:10 काडी तपासणी: कुठे कापायचं
24:50 पेस्ट: कधी आणि कोणत्या डोळ्यांना
32:20 पेस्ट लावणाऱ्यांनी घ्यायची काळजी
33:55 पोंगा अवस्था: घड जिरणे
43:30 फेलफूट: किती काड्या ठेवायच्या
50:05 जीएची पहिली फवारणी (मात्रेची दुरुस्ती पुढे)
57:45 केवडा: ढगाळ हवेत, डाग नसताना
1:06:20 केवडा: पानावर डाग दिसल्यावर
1:12:30 फुलोरा: पाणी आणि खत
1:20:15 प्रश्न: फूट मागेपुढे का येते
1:29:40 प्रश्न: जीएची मात्रा (दुरुस्ती)
1:33:10 प्रश्न: पाऊस लागला तर छाटणी थांबवायची का
1:39:25 प्रश्न: खारं पाणी आणि जुनी बाग
```

पहिल्या ओळीत सत्कार का, असं विचारलं गेलं. यादी 0:00 पासून सुरू करावीच लागते, आणि तिथे "प्रस्तावना" असं लिहिलं की माणूस काहीतरी कामाचं असेल म्हणून ऐकत बसतो. पहिली साडेसहा मिनिटं श्रीफळ-शालीची आहेत हे सरळ लिहिलं की तो ६:३५ वर जातो. ज्यांचा सत्कार झाला त्यांनाही आपली जागा सापडते.

यादी टाकण्याआधी व्हिडिओ न पाहिलेल्या काही बागायतदारांकडे ती दिली आणि प्रत्येकाला एक प्रश्न दिला: याचं उत्तर कुठे असेल? बोट ठेवा. पेस्ट, केवडा, पाऊस यांवर बोटं बरोबर पडली. फेलफुटीच्या जागी अडलं. तेव्हा त्या टप्प्याचं शीर्षक "विरळणी: किती ठेवायचं" असं होतं, कारण सर बोलताना विरळणी हाच शब्द वापरतात. पण दोघांनी विचारलं, ही काड्यांची की मण्यांची? मण्यांची विरळणी पुढच्या अवस्थेत येते आणि या व्याख्यानात ती नाहीच. वक्त्याचा शब्द सोडून बागेतला शब्द घेतला, शीर्षक "फेलफूट: किती काड्या ठेवायच्या" असं केलं, आणि वर्णनाच्या ओळीत शेवटी जोडलं: "मण्यांची विरळणी या व्हिडिओत नाही." पुढच्या आठवड्यात गटावर मणी विरळणीचा व्हिडिओ मागणारे निरोप आले, आणि आबांनी सरांना डिसेंबरच्या बैठकीचं निमंत्रण दिलं.